कान कापलेली मखमल

माझं डोकं लवकर तापतं असं सगळे म्हणतात. तापतंच. ज्या बाईच्या एका खोलीत दिवसभर दोन शिलाई मशिनं, एक वाफेची इस्त्री, एक नवरा आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं असतात, तिचं डोकं थंड राहिलं तर तिला डॉक्टरकडे न्यावं.

खोली तळमजल्यावर आहे. मधोमध बेतायचं लांब टेबल, खिडकीजवळ माझं मशीन, कोपऱ्यात इस्त्री आणि इस्त्रीमागे आमचे हे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि टेबलाच्या बरोबर डोक्यावर सासूबाईंची खोली. दुकान मुळात त्यांचंच. कपडे बेतायला मला त्यांनीच शिकवलं, तेही पाठीत धपाटे घालून. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या गेल्या, गिऱ्हाईक आरडाओरडा करून गेलं आणि कात्री माझ्या हातात आली. पुढे त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, चष्मासुद्धा बारीक झाला. कात्री मात्र माझ्याकडेच राहिली. त्या वर बसतात, आम्ही खाली राबतो, असं चाललं होतं.

तर नुसत्या माझ्या नावावर आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे गाण्याच्या चमूची जाकिटं. या चमूच्या बाई, म्हणजे हात हलवून सगळ्यांना गायला लावतात त्या, फार कडक. त्यांनी डाळिंबी मखमल पसंत केली. मी ठोक दुकानदाराकडून अख्खा तागा आणला, जाकिटं शिवली, यांनी ती उलटी करून, खाली टॉवेल घालून जपून वाफवली. मखमलीवर सरळ इस्त्री ठेवली की तिची लव, म्हणजे वरचे उभे बारीक धागे, बसली आणि शिवणारीचं नशीबही बसलं. शेवटचं जाकीट बेतून झाल्यावर आनंदाच्या भरात मी उरलेल्या तुकड्याचा कान कापला.

कान कापणं म्हणजे आमच्या घरची पद्धत. काम संपलं की उरलेल्या कापडाचा एक कोपरा तिरका उडवायचा. कान कापलेलं कापड कुणाचंच नसतं. ते दाराजवळच्या टोपलीत पडतं आणि ज्याला हवं त्याने न्यावं. सासूबाईंनीच घालून दिलेली पद्धत, कारण त्याआधी म्हणे घरात रोज उरलेल्या चिंध्यांवरून भांडणं व्हायची.

दुसऱ्याच आठवड्यात गाण्याच्या बाईंचा फोन आला.

"एक गायक वाढलाय. एक जाकीट अजून लागेल."

"देते की," मी म्हटलं.

"त्याच कापडाचं हं. माणूस ठेंगणा आहे, पहिल्या रांगेत अगदी मध्ये उभा राहणार. रंग एवढासा जरी वेगळा दिसला तरी मी सगळ्यांची जाकिटं काढून ठेवीन आणि साध्या पांढऱ्या शर्टात गायला लावीन. मग पुढच्या हंगामाचे कपडे कुठे शिवायचे तेही बघावं लागेल."

म्हणजे दुसरीकडे शिवायचे. एवढं कळायला मला गाणं यायची गरज नव्हती.

मी टोपलीकडे धावले. टोपलीत अस्तराचे तुकडे होते, सुटाचे तुकडे होते, मखमल नव्हती. मी टोपली उपडी केली आणि तिच्यात डोकं घालून ओरडले, "माझी मखमल कुणी नेली? सापडला तर हात मोडून ठेवीन!"

"कोण नेणार?" इस्त्रीमागून हे म्हणाले. त्यांचा चेहरा वाफेत होता.

सासूबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "कसली गं मखमल?"

"डाळिंबी! कान कापून ठेवलेली!"

"मग ती तुझी कशी? कान कापला म्हणजे कुणाचीच नाही." एवढं बोलून त्या वर निघून गेल्या. या वयात जिना असा चढतात की बघत राहावं.

ठोक दुकानदाराने हात वर केले. तागा संपला, म्हणाला, नवी खेप आलीय पण रंग एक बोट इकडे आहे. नमुना बघितला. एक बोट कसलं, हातभर इकडे होता. जाकिटाशेजारी धरला तर एक डाळिंब आणि एक वीट. आता उरला तो फोन. फोनवर कापड विकणारे शेकडो, उरलेसुरले तुकडे विकणारे त्याहून जास्त. माझ्या डाळिंबी मखमलीशी थोडीफार मिळतीजुळती अशी चार खाती मी निवडली आणि चौघांना नावं ठेवली.

पहिला नखरेल. त्याच्या फोटोत मखमल एका खुर्चीवरून अशी ओघळत होती की जणू ती स्वतःच गाणार आहे. रंग तर इतका गच्च की डोळे भरून यावेत. मी बोटांनी फोटो मोठा केला. आता मखमलीचा फोटो मोठा केला की लव दिसली पाहिजे, निदान कुठेतरी उभी, कुठेतरी आडवी पडलेली, कुणाचं बोट लागून उमटलेली रेघ तरी. इथे काहीच नाही. नुसतं लोणी. म्हणजे फोटो घासून-पुसून गुळगुळीत केलेला, आणि ज्याने पोत पुसला त्याने रंग तसाच ठेवला असेल असं मानायला मी काही काल जन्मले नव्हते.

दुसरा उलटा. याची मखमल खुर्चीवरून डावीकडे ओघळत होती, नखरेलची उजवीकडे. मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी धरले. तीच घडी, तीच सुरकुती, खुर्चीच्या पायाला तोच टवका. गड्याने दुसऱ्याचा फोटो आरशात बघितल्यासारखा फिरवून लावला होता. म्हणजे त्याच्याकडे कापड आहे की नाही हेच मुळात माहीत नाही.

"अहो, बघा, चोरीचा फोटो," मी यांना दाखवलं.

"दोन्ही लालच दिसतात," हे म्हणाले. यांच्या डोळ्यांत एकूण चार रंग आहेत, त्यातला एक पांढरा.

तिसरा पिवळ्या. याने बहुतेक स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली फोटो काढला होता. कापडाला लावलेली किमतीची चिठ्ठी पिवळी धम्मक. ही चिठ्ठीच कामाची. सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, रंग ओळखायचा असेल तर आधी पांढरं काय दिसतं ते बघ. पांढरं पिवळं झालं असेल तर लालही तेवढाच पिवळ्याकडे सरकलेला असणार. मी आमच्या स्वयंपाकघरात गेले, शिवून तयार असलेलं एक जाकीट दिव्याखाली धरलं, शेजारी पांढरा कागद ठेवला आणि फोटो काढला. माझा कागद त्याच्या चिठ्ठीइतका पिवळा झाल्यावर दोन कापडं ताडून बघितली. त्याची मखमल माझ्यापेक्षा केशरीकडे गेलेली. तरी खात्री म्हणून त्याला विचारलं, मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पाठवला. मागे स्वेटरसारखे बारीक बारीक फासे. ही विणलेली, ताणली की वाढणारी मखमल. माझी मागावरची, मागून बघावं तर उभा धागा, आडवा धागा, साधं सरळ. पिवळ्याला नमस्कार केला.

चौथा मुखदुर्बळ. खात्याचं नाव नुसतं 'तुकडा', माहितीत एक ओळ: "स्वच्छ, न वापरलेलं." फोटो मात्र तीन. एकात कापड सपाट, शेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी. दुसऱ्यात लवेवरून एक बोट उलटं फिरवून गडद रेघ काढलेली, म्हणजे लव कुठल्या बाजूला आहे ते कळावं. तिसऱ्यात मागची बाजू, उभा धागा, आडवा धागा. फोटो दिसायला अगदी गरीब. पण जो माणूस लवेची दिशा दाखवतो तो माणूस कापडातला आहे.

एकच खोट होती. रंग जांभळट दिसत होता.

"हा नको गं," इस्त्रीमागून हे म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. "हा काही बरा वाटत नाही."

"तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?"

"नाही, आपलं म्हटलं." आणि त्यांनी उगीच वाफ सोडली.

मी कागदाकडे बघितलं. कागद निळसर. म्हणजे उजेड निळा. मग मी जाकीट आणि कागद घेऊन उजेडाच्या शोधात निघाले. खिडकीपाशी धरलं, कागद पांढराच. दारातल्या सावलीत धरलं, थोडा निळा, पण पुरेसा नाही. ट्यूबलाइटखाली धरलं तर हिरवटच झाला. नुसतं जाकीट भरून फोटो काढला तर फोन स्वतःच शहाणपणा करून सगळा लाल फिका करून टाकायचा, म्हणून दर वेळी शेजारी कागद लागायचाच. शेवटी जिना चढून आमच्या पुढच्या बाल्कनीत गेले. गळती थांबवायला यांनी तिथे निळी ताडपत्री बांधलीय, गेल्या वर्षीपासून तात्पुरती. जाकीट धरलं, कागद धरला, फोटो काढला.

कागद सेम. मखमलही सेम. जांभळटपणासुद्धा तेवढाच. दोन्ही फोटो मी खाली-वर, शेजारी-शेजारी, सगळ्या तऱ्हेने लावून बघितले. कुठला माझा हे मलाच कळेना. बोटाच्या रेघेजवळ लव जेवढी गडद तेवढीच माझ्या जाकिटावरही होत होती. जगात कुठेतरी आणखी एक घर होतं ज्याच्यावर निळी ताडपत्री बांधलेली होती, आणि त्या घरात माझीच मखमल होती. इतका आनंद झाला की मी यांच्या पाठीवर थाप मारली. हे दचकले.

माझ्या नावाने विचारलं तर समोरचा भाव वाढवेल, म्हणून मी 'हौशी गिऱ्हाईक' नावाचं खातं उघडलं आणि लिहिलं, "कापड आवडलं. पूर्ण तुकडा पसरून फोटो पाठवाल का?"

लगेच उत्तर आलं. "पाठवते ताई."

आणि डोक्यावर पावलं वाजली. खाटेपासून बाल्कनीपर्यंत, सरळ रेषेत.

मी वर बघितलं. यांनी इस्त्रीकडे बघितलं.

फोटो आला. तुकडा पसरलेला, एक जाकीट निघण्याइतका मोठा. तीन कोपरे छान सरळ, चौथा आत दुमडलेला.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की कानशिलं तापली. अख्खं शहर पालथं घालतेय मी, आणि मखमल माझ्या डोक्यावर बसलीय! मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग काढला. म्हटलं, थांब. मुखदुर्बळ काय! बघूया किती मुखदुर्बळ आहे ते.

"ताडपत्रीखाली काढलाय का हो? रंग निळसर वाटतो. खिडकीपाशी काढाल?"

डोक्यावर पावलं बाल्कनीतून खिडकीपाशी गेली. फोटो आला. अगदी माझी डाळिंबी, मखमलीच्या लवेसकट. माझ्या जाकिटावर फोन ठेवला तर फोटो कुठे संपतो आणि जाकीट कुठे सुरू होतं ते शोधावं लागावं.

"छान. आता एक फोटो कपाटाच्या मागच्या भिंतीपाशी? तिथे उजेड मंद असेल ना?" मी लिहिलं.

लिहून झाल्यावर जीभ चावली. अनोळखी गिऱ्हाइकाला भिंतीपुढच्या कपाटाचं काय माहीत? पण वर पावलं वाजली. खुर्ची सरकली. फोटो आला.

"आता जमिनीवर पसरून, वरून काढा."

वर काहीतरी धाडकन पडलं, बहुतेक मोजपट्टी. हे इस्त्री बंद करून उभे राहिले. "अगं, पुरे आता. म्हाताऱ्या माणसाला..." एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं.

"कुठलं म्हातारं माणूस?" मी विचारलं. मी तोंडावर पदर दाबून हसत होते, हे आता आठवलं तरी हसू येतं. "आणि कुरिअरला कोण नेतं हो?"

हे छताकडे बघत राहिले. चार रंग ओळखणाऱ्या माणसाला पार्सल बांधता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुढचं लिहिलं. "चौथा कोपरा का दुमडलाय? फाटलाय का?"

"फाटला नाही. कान कापलाय. त्याने कापडाला काही होत नाही."

जगात कुणी त्याला कान म्हणत नाही. आमच्या घराबाहेर तर कुणीच नाही. मी पुढे काही लिहायच्या आत दुसरा निरोप आला.

"सूनबाई, पाय दुखले. हसून झालं असेल तर आता तूच वर ये."

वर गेले तर सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर मखमल, हातात फोन, चष्मा नाकावर. खाटेखाली खोकी. खोक्यांत घड्या घातलेले तुकडे, अस्तरं, सुटाची कापडं, दर तुकड्याला चिठ्ठी. आमच्या टोपलीतल्या तुकड्यांचं सासर.

"चोरी केली म्हणशील," त्या म्हणाल्या. "तर कान कापलेला होता."

"खाली मी ओरडत होते तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तू हात मोडणार होतीस. मला हात लागतात." मग त्या जरा मऊ झाल्या. "कापड तुला देणारच होते गं. आजच दुपारी देणार होते. पण तू फोनवर मला विचारायला लागलीस आणि मला इतकी मजा वाटली. खूप दिवसांनी कुणी मला कापडाबद्दल काही विचारलं."

मी त्यांचा फोन मागितला. त्यांनी दाखवला. खाली गिऱ्हाइकांनी लिहिलेलं होतं. 'फोटोत दिसलं तसंच आलं.' 'रंग अगदी तोच.' 'पहिल्यांदाच कुणीतरी मागची बाजू दाखवली.' एकीने तर 'ताई, तुमच्याकडून डोळे मिटून घेते' असं लिहिलं होतं. मला भयंकर राग आला, आणि अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

"बरं, द्या आता. काय किंमत?" मी हात पुढे केला.

"विकायची नाही."

"आई!"

"जाकीट मी बेतणार."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. कारण हा एकच तुकडा होता. यात एक चूक झाली की दुसरा तुकडा जगात नाही, मग पांढरे शर्ट, मग गाण्याच्या बाई, मग माझ्या नावावरचं पहिलं मोठं काम हेच शेवटचं. माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन डाव्या बाह्या आल्या. सासूबाईंनी ते ओळखलं. त्यांना माझं सगळंच ओळखता येतं, तोच तर त्रास आहे.

"डोळे चांगले होऊन वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "तू एकदा तरी म्हणालीस का, आई, खाली या?"

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. मी मखमल त्यांच्याच मांडीवर राहू दिली आणि म्हटलं, "चला खाली."

खाली येऊन त्यांनी आधी टेबल पुसलं. मग माझं तयार जाकीट उचललं, खिडकीशी नेलं आणि खांद्यापासून खाली तळहात फिरवला. मग खालून वर. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"लवेची दिशा खाली ठेवलीस? सगळ्या जाकिटांना?"

"गुळगुळीत लागते. मळत नाही."

"रंग किती मरतो! मी तुला काय शिकवलं होतं? लव वर, म्हणजे बघणाऱ्याला रंगाच्या पोटात बघितल्यासारखं वाटतं. हे बघ." त्यांनी तुकडा टेबलावर वरचं टोक खाली असा फिरवला. तीच मखमल, तोच उजेड, आणि रंग असा गडद झाला की मीही क्षणभर बघत राहिले. त्यांचं खरं होतं. खरं असलं की त्या फार वेळ बोलत नाहीत, नुसतं बघतात.

मग त्यांनी जाकिटाचा कागदी फर्मा ठेवला. खडूने खुणा केल्या. कुठल्या दिशेने ठेवला ते मला दिसत नव्हतं, कारण त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, मुद्दाम. मी एक पाऊल पुढे टाकलं. यांनी माझा हात धरला. लव वर ठेवून बेतलं तर ते जाकीट सगळ्यांहून देखणं होईल आणि पहिल्या रांगेत मध्ये उभं राहून ओरडून सांगेल की मी वेगळं आहे. मला ओरडावंसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले नाही. कात्री चालली. तो आवाज मी रोज ऐकते, पण स्वतः कापत नसताना तो किती मोठा असतो!

सगळं त्यांनीच शिवलं. बटणाची काजंसुद्धा. मला जाकीट बघूही दिलं नाही, यांनी वाफवून थेट पिशवीत घातलं.

सभागृहात गाण्याच्या बाईंनी सगळ्यांना जाकिटं घालून दिव्यांखाली उभं केलं. तिथले दिवे पिवळे, वरून पडणारे. मनात आलं, खिडकीत जुळलं ते इथे जुळेलच असं थोडंच आहे? उजेड बदलला की कापडं एकमेकांना ओळख देत नाहीत. पण हे तर एकाच ताग्याचं, ते एकमेकांना कसं विसरेल? लव तेवढी त्याच दिशेला हवी. बाई रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मागे सरकल्या. डोळे बारीक केले. गायकांच्या जागा अदलून-बदलून बघितल्या. सासूबाई शेवटच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"नवं कोणतं?" बाईंनी विचारलं.

मी बोट दाखवायला हात उचलला आणि तसाच ठेवला. ठेंगण्या माणसाचा चेहरा दिसत होता म्हणून, नाहीतर मलाही सांगता आलं नसतं. लव खाली. सासूबाईंनी आपला आवडता रंग मारून माझ्या चुकीशी चूक जुळवली होती, आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पुढच्या हंगामाचं माप कधी घ्यायला येताय?" बाई म्हणाल्या, आणि मी तिथल्या तिथे तारीख सांगून टाकली.

घरी परतताना मी सासूबाईंना विचारलं, "लव वर ठेवायची होती ना तुम्हाला?"

"हो तर. पण एकटीने बरोबर असून काय करायचं? सगळ्यांत वेगळंच दिसलं असतं." मग थोड्या वेळाने, "पुढच्या वेळी मात्र मला आधी विचार. बेतल्यावर नको."

'हौशी गिऱ्हाईक' म्हणून मी बोलले होते ना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फोनने मला विचारलं, 'तुकडा'कडचं कापड कसं वाटलं, तारे द्या. मी लिहिलं, 'रंग, पोत, सगळं फोटोतल्यासारखं. विक्रेती चांगली आहे.' आणि चार तारे दिले. अगदी मुद्दाम.

दोन मिनिटांत जिना वाजला. सासूबाई फोन नाचवत खाली आल्या.

"एक तारा कुठे गेला?"

"उशीर," मी मान वर न करता म्हटलं. "कापड वेळेवर दिलं नाही. गिऱ्हाइकाला किती हिंडवलं!"

"उशीर? मी केला?" त्या टेबलाच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. "वर्षभर मी इथून एक जिना वर बसले होते. उशीर कोणी केला गं?"

यांनी इस्त्री खाली ठेवली. मी फोन काढला, त्यांच्या देखत पाचवा तारा लावला. मग टेबलाच्या माझ्या बाजूची माझी खुर्ची ओढून मशीनपाशी नेली, आणि सकाळी आलेलं नवं कापड त्यांच्यापुढे टेबलावर पसरायला घेतलं.

"अशी काय पसरतेस," त्या म्हणाल्या. "ते टोक नीट धर."

मी ते नीट धरलं.